हॅलो मॅडम, उद्यापासून परीक्षा

परीक्षेच्या आदल्या दिवशी माझ्या फोनला उसंत नसते. मी हिशेबशास्त्राचा क्लास घेते, आणि झाडून सगळी पोरं त्या दिवशी एकच लिहितात: "हॅलो मॅडम, उद्यापासून परीक्षा." मला वैताग येतो. वर्षभर मीच त्यांच्या कानीकपाळी ओरडत असते, आणि शेवटी ही मलाच बातमी देतात. पण आदल्या दिवशी कुणावर डाफरू नये एवढी अक्कल मला आहे, म्हणून एक उत्तर तयार करून ठेवलंय. बोट लावलं की जातं.

"हॅलो! खूप खूप शुभेच्छा. आता नवीन काही वाचू नकोस. हॉल तिकीट, दोन पेनं, कॅल्क्युलेटर बॅगेत भर. पाण्याची बाटली भरून ठेव. संध्याकाळी एकदा केंद्र बघून ये. लवकर झोप. आणि फोन आत्ताच बंद कर, तो आता पेपर झाल्यावरच उघडायचा."

दुपारी चहा उकळत होता तेव्हा मुंगीचा मेसेज आला. तिचं अक्षर इतकं बारीक की पेपर तपासताना मला चष्म्यावर भिंग धरावं लागे, म्हणून हे नाव. मी बोट लावलं आणि चहा गाळायला घेतला.

माझ्या थोरल्या नणंदबाई, वन्सं, टेबलाशी बसल्या होत्या. विद्यार्थ्यांसाठी एक मदतीची लाइन आहे, तिथे त्या फोन आणि मेसेज घेतात. माझ्या फोनकडे बघत म्हणाल्या, "ही पोरगी लिहितेय आणि पुसतेय गं. 'टाइप करत आहे' असं तिसऱ्यांदा आलं आणि गेलं."

"असेल काही शंका."

तेवढ्यात उत्तर आलं. "बरं." एवढंच.

"तिने काय विचारलं होतं?" वन्संनी विचारलं.

"काहीच नाही. हॅलो, उद्यापासून परीक्षा."

"मग तू एवढं उत्तर कशाचं दिलंस?"

मी फणकाऱ्याने म्हणाले, "सगळ्यांना तेच देते."

"ही सगळ्यांसारखी आहे का?"

नव्हती. मुंगी गेल्या वर्षी पहिल्याच पेपराला अर्ध्या तासात उठून बाहेर पडली होती. यंदा तिने पुन्हा क्लास लावला आणि महिन्यापूर्वी न सांगता यायची बंद झाली. मी दोनदा फोन केला, तिने उचलला नाही, मग मीही सोडून दिलं. महिनाभर तोंड न दाखवणारी मुलगी आज हॅलो कशाला म्हणेल?

हे वन्संना सांगितलं तर त्यांनी चहा बाजूला सारला. "लिही आता. शुभेच्छा नाही, सल्ला नाही. आधी तिच्या हॅलोला हॅलो दे, नावानं. लिहिलंस ते बरं केलंस म्हण. मग एकच प्रश्न, साधा. तीन विचारलेस तर ती एकाचंही उत्तर देणार नाही. आणि 'काळजी करू नकोस' असं चुकूनही लिहू नकोस, त्यानं बोलणं तिथेच मिटतं."

मी लिहिलं, "हॅलो मुंगी. लिहिलंस, बरं वाटलं. आज कसं चाललंय?"

मेसेजखाली एकच खूण उमटली. पोचल्याची दुसरी येईना. फोन लावला तर बंद. वर्षभर माझं एक अक्षर न ऐकणारी पोरगी आज नेमकी शहाण्यासारखी वागली होती. फोन बंद कर म्हटलं, तिने केला. तिच्यापर्यंत जायचा एकुलता एक रस्ता मी स्वतःच्या बोटाने बंद केला होता.

मुंगी तिच्या काकांकडे राहते, शिंप्याच्या दुकानावरच्या खोलीत. आम्ही रिक्षाने तिथे पोचलो. काका बनियनवरच दाराशी आले. "मैत्रिणीकडे गेलीय अभ्यासाला. काय झालं?" मैत्रीण माझ्याच क्लासची; तिला फोन करून विचारलं तर म्हणाली, मुंगी कित्येक दिवसांत भेटलेलीच नाही. काका चपला शोधायला लागले.

"वर गच्चीवर बघून या. शेजारीपाजारी विचारा, आणि मग घरीच थांबा," वन्सं त्यांना म्हणाल्या. "ती परत आली तर रागावू नका. जेवलीस का, एवढंच विचारा. आणि लगेच आम्हाला कळवा."

गच्चीवर कुणी नव्हतं. जिना उतरताना मला नको नको ते दिसत होतं. मन चिंती ते वैरी न चिंती म्हणतात, ते काय असतं हे त्या जिन्यात कळलं. वन्सं मात्र विचारत होत्या, "तिने फोन बंद केला ना? मग बाकीचंही केलं असेल. तुझ्या उत्तरात आणखी काय आहे?"

मी फोन काढून माझंच उत्तर वाचलं. संध्याकाळी एकदा केंद्र बघून ये.

केंद्र म्हणजे मोठ्या रस्त्यापलीकडची शाळा. गेल्या वर्षीही तेच होतं. फाटकाला कुलूप होतं आणि बाहेरच्या पायरीवर मुंगी बसली होती, बॅग मांडीवर, नजर समोरून सुसाट जाणाऱ्या गाड्यांवर. मी धावणार तोच वन्संनी माझा दंड धरला. "सावकाश. ओरडू नकोस. ती आणि रस्ता यांच्या मधल्या बाजूला जाऊन बस."

मी बसले.

"हॅलो मुंगी."

"हॅलो मॅडम." तिने वर पाहिलं नाही. "पेनं भरली. बाटली भरली. केंद्र बघितलं. झोपायला अजून वेळ आहे. मधल्या वेळात काय करायचं ते तुम्ही लिहिलं नव्हतं."

मला रडू आलं. मी ते गिळलं, कारण वन्संनी डोळ्यांनी बजावलं होतं की आत्ता तिला तुझं सांभाळायला लावू नकोस. त्या दुसऱ्या बाजूला टेकल्या आणि मी जे विचारायला घाबरत होते ते त्यांनी चहा हवा का विचारावं तितक्या साधेपणाने विचारलं. "मरावंसं वाटतंय का गं?"

मला वाटलं, आता ही दचकेल. दचकले ती मीच. मुंगीचे खांदे मात्र खाली आले, बराच वेळ उचललेलं ओझं ठेवावं तसे.

"सकाळपासून," ती म्हणाली. "म्हणून हॅलो केलं."

वन्संनी तिचा हात हातात घेतला. आज तुला एकटं सोडणार नाही म्हणाल्या. काकांना कळवू, इथून थेट डॉक्टरांकडे जाऊ, मी सोबत असेन. उद्याच्या पेपरचं उद्या बघू, नाही दिला तरी परीक्षा पुन्हा येते. एकेक वाक्य सांगून त्या थांबत, आणि मुंगी मान हलवी. मी काकांना फोन करून ती सापडल्याचं कळवलं, तर पलीकडे ते नुसते हुंदके देत राहिले.

"फोन चालू करू का?" मुंगीने मला विचारलं. माझी परवानगी मागत होती ती.

"कर."

फोन उजळला, माझा मेसेज तिला पोचला. तिने तो वाचला. पुन्हा वाचला. मी खांद्याला खांदा लावून बसलेली असूनही ती टाइप करायला लागली. लिहिलं, पुसलं. पुन्हा लिहिलं, पुन्हा पुसलं. माझ्या जिभेवर दहा सल्ले आले, मी ते दातांखाली धरले आणि वाट पाहिली.

माझ्या हातातला फोन थरथरला.

"नीट नाही चाललंय, मॅडम."

या वेळी मी तयार उत्तराकडे बोट नेलं नाही. सावकाश, एकेक अक्षर शोधत लिहिलं, "सांग. मी इथेच आहे."