दोन-तीन दिवस

समीक्षा डब्लिनच्या इस्पितळात नर्स. सात वर्षांत किती परक्या माणसांचे हात तिनं शेवटच्या घटकेला धरले, मोजदाद नाही. आणि स्वतःचा बाप, हिरालाल, नागपूरकडच्या गोरेगावजवळच्या घरी शेवटच्या घटका मोजत होता तेव्हा ही बया कार्डाची वाट पाहत बसलेली! तिथं राहायचं कार्ड नूतनीकरणाला गेलं होतं. ते हाती नसताना देश सोडला की परत आत घेत नाहीत. तुझा काय दोष, असं सगळे म्हणाले. म्हणणारच, त्यांना खरी गोष्ट कुठं ठाऊक होती?

डॉक्टरांनी हात टेकून बाबांना घरी पाठवलेलं. रविवारी आईनं, कलाबाईनं, फोनवर त्यांना दाखवलं. समीक्षानं पाहिलं : श्वास थांबतोय, वीस मोजेपर्यंत येत नाही, मग एकदम घाईनं येतोय. गुडघ्यांवर निळसर डाग. तिच्या वॉर्डातल्या नवख्या पोरीनंही सांगितलं असतं की आता तासांचा हिशोब. आईनं विचारलं, किती दिवस? ती म्हणाली, दोन-तीन दिवस आहेत. कार्ड मंगळवारी येणार होतं ना!

सोमवारी सकाळी हिरालाल गेला. चिता तिनं फोनवर पाहिली. मंगळवारी कार्ड आलं. मग दोहा, नागपूर, कोहमाऱ्याचा फाटा. गुरुवारी दुपारी ती घरात शिरली तेव्हा राखही सावडून झाली होती.

बाबांसाठी उद्या ठेवलेल्या पुण्यानुमोदनाच्या जेवणाचे तांदूळ निवडता निवडता सुशिलाकाकू सहज बोलून गेली की वहिनी, म्हणजे समीक्षाची आई, शेवटच्या क्षणी जवळ नव्हती, चुलीपाशी पेज करत होती. समीक्षाच्या हातातलं सूप तसंच राहिलं. आईनं तिच्या शब्दावर भरवसा ठेवला होता.

काकू उठल्यावर तिनं सगळं ओकून टाकलं. "आई, मला दिसत होतं. तरी मी खोटं बोलले. मी पोचेपर्यंत त्यांनी थांबावं म्हणून. तुझीही भेट मी चुकवली."

कलाबाईनं तांदळातला एक खडा वेचून बाजूला टाकला.

"राग तं आला, बाई," ती म्हणाली. "पन तू खरं सांगतली असती तं मी रातभर रडत बसली असती. तुह्या बोलण्यावर मी निवांत होतो. सकाळी त्याची दाढी केली. मान हालवून राहिला मनून रागावलो बी त्याच्यावर. तं हासला थोडासा. मंग पेज आनाले गेलो."

समीक्षाला हुंदका आवरेना. आईनं तिचं डोकं मांडीवर ओढून घेतलं, केसांत बोटं घातली.

"येक कर," ती म्हणाली. "माह्या मराच्या पाळीले मात्र खरं सांगजो. तू पोच, नाही तं नोको पोचू."

हो म्हणायला समीक्षाला फार वेळ लागला.