रजेचा प्रकार

दुपारी अडीचला टाइम ऑफिसची खिडकी उघडली की विरूपाक्ष हलगत्ती आधी चौकटीकडे बघायचा. चौकटीवर सुताचा एखादा पांढरा धागा, कापसाचा एवढासा पुंजका दिसला की तो चटकन नजर वळवायचा. सूतगिरणीत कापूस दिसणार नाही तर काय दिसणार, असं कुणीही म्हणेल. पण सूत कातायचं रिंगफ्रेम खातं राहिलं पार पलीकडे, मधे दोन गोदामं आणि एक मारुतीचं देऊळ. वारा इतक्या लांबून पुंजका आणून नेमका त्याच्याच खिडकीत कसा ठेवतो, ते वाऱ्यालाच ठाऊक.

मग तो हात यायचा. रांगेतल्या माणसांच्या हातांमधून, अंगठ्याचं नख मधोमध चिरलेला, काळपट. कागद आत सरकवायचा आणि म्हणायचा, "आता बरोबर आहे का, बघा साहेब."

विरूपाक्ष मान वर करायचा तेव्हा समोर भलताच कुणी उभा असायचा. कधी वेल्डर, कधी झाडूवाली. हात रिंगफ्रेमवरच्या फकीरप्पा माळगीचा, पण फकीरप्पा तिथे नसायचाच. कसा असेल? त्याला मातीआड करून तीन वर्षं झाली होती.

गोष्ट एवढीशीच होती. एवढीशी म्हणूनच ती घशातल्या काट्यासारखी रुतून बसली होती. फकीरप्पाची म्हातारी आई हुबळीच्या दवाखान्यात होती. त्याला तीन दिवस तिच्या उशाशी बसायचं होतं. गेटबाहेरच्या चहावाल्याकडे अर्ज लिहून मिळायचे. त्या चहावाल्याचं शास्त्र सोपं: घरात आजारी कुणीही असो, खूण 'सिक'वर. मुलगा आजारी, सिक. बायको आजारी, सिक. एकदा कुणाची म्हैस आजारी होती, तिलाही पठ्ठ्याने सिक लावली होती. फकीरप्पाचा अर्ज तसाच आला. जेवणाची वेळ झाली होती, डबा उघडला होता, भाकरीचा वास येत होता. विरूपाक्षने अर्जावर लाल काट मारली. 'स्वतःच्या आजाराखेरीज सिक रजा मिळत नाही. नामंजूर.' आणि कागद परत ढकलला.

नियम बरोबर होता. शंभर टक्के बरोबर. पण लीव्ह कार्ड समोरच उघडं होतं, आणि त्यावर फकीरप्पाच्या चार कॅज्युअल शिल्लक होत्या. अचानक आलेल्या घरच्या अडचणीलाच तर कॅज्युअल असते. एका वेळी तीन दिवसांपर्यंत मिळते, आदल्या दिवशी सांगितलं तरी चालतं. 'सिक खोड, कॅज्युअल लिही,' एवढे चार शब्द बोलायचे होते. विरूपाक्षला ते सुचले होते. जिभेवर आले होते. पण चूक दाखवणं आपलं काम, सुधारून देणं नाही, असं तेव्हा त्याला वाटायचं. कारकुनाला असलं वाटायला लागलं की माणसाची कीव करायची सोय राहत नाही.

फकीरप्पाला वाटलं, रजाच नाही मिळाली. तो तीन दिवस साच्यावर उभा राहिला. तिसऱ्या दिवशी आई गेली. मग तो दुसरा अर्ज घेऊन आला, मातीला जायचं म्हणून. कुणीतरी सांगितलं असावं, या वेळी खूण कॅज्युअलवर होती. त्याने भांडण केलं नाही, शिवी दिली नाही. फक्त विचारलं, "आता बरोबर आहे का, बघा साहेब."

चार महिन्यांनी ताप डोक्यात जाऊन तोही गेला. आणि खिडकीत हात यायला लागला.

विरूपाक्षने आपल्या परीने प्रायश्चित्त घेतलं. त्या दिवसापासून त्याने एकही अर्ज परत पाठवला नाही. कागद यायचा, तो डोळे चुकवून शिक्का मारायचा. रांगेत त्याचा उदोउदो सुरू झाला. "हलगत्ती साहेब म्हणजे देवमाणूस! वाचतही नाहीत!" देवमाणूस शिक्का मारत राहिला, आणि हात येतच राहिला. मागच्या महिन्यात तर खोट्या डॉक्टरी दाखल्यावर सिक घेणारा भरमप्पा पकडला गेला. पर्सोनेल ऑफिसर हिरेगौडर नवीन आलेले, कडक. त्यांनी गिरणीच्या डॉक्टरला थेट घरी पाठवलं, तर भरमप्पा छपरावर कौलं शाकारताना सापडला. चौकशी झाली, नोकरी गेली. त्या अर्जावर शिक्का होता देवमाणसाचाच.

त्या बुधवारी कापसाचा पुंजका जरा मोठाच होता. हात आला. कागद सरकला.

"आता बरोबर आहे का, बघा साहेब."

विरूपाक्षने शिक्का उचलला, मान वर केली, आणि शिक्का हातातच राहिला. समोर गंगव्वा उभी होती. फकीरप्पाची बायको. नवऱ्याच्या जागी, सुताच्या लडी करायच्या रीलिंग खात्यात लागून तिला दोन वर्षं होऊन गेली होती. तिचे अर्ज याआधी कधी आलेच नव्हते. ही बाई रजाच घेत नसे.

"तू काही बोललीस?" त्याने विचारलं.

"मी कुठं बोलले?" गंगव्वा म्हणाली. "दहा दिवस पाहिजेत. उद्यापासून. लवकर शिक्का मारा, पाचची बागलकोट गाडी धरायची आहे."

विरूपाक्षने तिच्या हाताकडे पाहिलं; नख धड होतं. आवाज त्याने ऐकला होता. गेली तीन वर्षं तो ऐकत होता, आणि तीन वर्षं एकच अर्थ लावत होता, की सोड, अडवू नकोस. पण आवाज तर म्हणत होता, बघा. आणि ते बघणं सोडून बाकी सगळं त्याने केलं होतं.

त्याने शिक्का खाली ठेवला आणि अर्ज वाचला. खूण सिकवर. दहा दिवस. सोबत डॉक्टरचा दाखला, अर्जदाराला कावीळ.

"कावीळ झालीय तुला?"

"झालीय की." गंगव्वाने नजर खाली घातली.

"गंगव्वा, खरं सांग."

रांगेतला एकजण ओरडला, "अहो साहेब, मारा ना शिक्का! आज काय पोथी वाचायला घेतली काय?"

गंगव्वा खिडकीच्या जवळ सरकली. "माझ्या लेकीला, रेणुकेला, आठव्यातच कळा लागल्यात. जावई गोव्यात, बोटीवर. सासू आंधळी. डॉक्टर म्हणतात पोट फाडावं लागेल, सही कुणाची? चहावाला म्हणाला, दहा दिवस पाहिजेत तर सिकच, आणि सिकला दाखला. कंपाउंडरने दिला."

विरूपाक्षने दाखला उलटा घालून तिच्यापुढे सरकवला. "हा चुलीत घाल. हिरेगौडर तुझ्या घरी डॉक्टर धाडतील आणि तू सापडशील बागलकोटला. मुलगी वाचेल आणि नोकरी जाईल. सिक आपल्या अंगाच्या दुखण्याला. लेकीच्या नाही, आईच्या नाही."

आईच्या म्हणताना तो अडखळला. गंगव्वा त्याच्याकडे बघत होती.

"मग जायचं नाही?" ती म्हणाली.

"जायचं." त्याने तिचं कार्ड काढलं. रकान्यांवरून बोट फिरवलं. "कॅज्युअल तीनच दिवस देता येते. त्याला पुढे अर्न्ड, म्हणजे भरलेल्या दिवसांची रजा, जोडता येत नाही. पण तुझ्या नावावर चौदा अर्न्ड आहेत. मागच्या वर्षी तू दोनशेऐंशी दिवस भरलेस, वीस दिवसांमागे एक. ती तुझी कमाई आहे, कुणाची मेहेरबानी नाही. त्यातली दहा घे. कारणात मुलीचं बाळंतपण लिही. खरं तेच लिही."

"चहावाला म्हणतो, अर्न्डला पंधरा दिवस आधी सांगावं लागतं."

"ते तो बरोबर म्हणतो. इथं थांब."

तीन वर्षांत पहिल्यांदा खिडकी उघडल्यावर लगेच बंद झाली. रांगेत बोंब उठली. नवा अर्ज घेऊन विरूपाक्ष हिरेगौडरांच्या केबिनमध्ये उभा राहिला.

"पंधरा दिवसांची नोटीस कुठं आहे?" हिरेगौडरांनी कागदावरून नजर न उचलता विचारलं. "तीन कॅज्युअल द्या आणि मोकळे व्हा."

"तीन दिवसांत पोट फाडलेली बाई उठत नाही, सर. आणि नोटीस कामगाराने द्यायची असते. साहेबांनी त्याआधी रजा देऊ नये, असं नियमात कुठे लिहिलेलं नाही. रीलिंगला दोन बदली बायका रोज गेटवरून परत जातात. काम अडणार नाही."

हिरेगौडरांनी आता मात्र वर पाहिलं. "हलगत्ती, सहा महिने बघतोय मी तुम्हाला. भरमप्पाचा दाखला तुम्ही वाचलासुद्धा नव्हता. आज एकदम वकील झालात?"

"एकदा वाचलं होतं, सर," विरूपाक्ष म्हणाला. "वाचलं, आणि जे सांगायचं ते सांगितलं नाही. तेव्हापासून वाचायचं सोडलं. ती चूक आधीच्या चुकीपेक्षा लहान नव्हती."

हिरेगौडरांना त्यातलं कितपत कळलं कोण जाणे. त्यांनी अर्जावरचं कारण पुन्हा वाचलं. मग सही केली आणि खाली लिहिलं, खास बाब. "पत्ता बागलकोटचा लिहून घ्या," एवढंच म्हणाले.

गंगव्वा खिडकीपाशी तशीच उभी होती, पदराचं टोक दातात धरून. मंजूर कागद बघितल्यावर तिने तो कपाळाला लावला, घडी करून चोळीत ठेवला. सव्वातीन झाले होते. ती वळली. आणि विरूपाक्षच्या तोंडून निघून गेलं.

"गंगव्वा. त्या वेळी फकीरप्पाच्या चार कॅज्युअल शिल्लक होत्या. मला ठाऊक होतं. मी बोललो नाही."

गंगव्वा पुन्हा खिडकीशी आली. रडेल, थुंकेल, शाप देईल, असं त्याला वाटलं. तिने काही दिलं असतं तर त्याने दोन्ही हातांनी घेतलं असतं.

"मला ठाऊक आहे," ती म्हणाली. "आईला माती द्यायला तीन दिवस मिळाले. तेच तीन दिवस ती जिवंत असताना का मिळाले नाहीत, एवढं कळायला शाळा शिकावी लागत नाही. त्यांनाही कळलं होतं. तापातसुद्धा तेच विचारत होते."

विरूपाक्षने चौकट घट्ट धरली. "तरी तू माझ्याकडे आलीस? तुला भीती नाही वाटली?"

"वाटली की." तिने पिशवी खांद्यावर चढवली. "पण दुसरी खिडकी कुठाय, साहेब?"

ती गेटकडे भराभर चालू लागली. मागच्या माणसाने आपला अर्ज आत सरकवला, आणि विरूपाक्षने तो पहिल्या ओळीपासून वाचायला घेतला. अक्षरं दिसत नव्हती, तरी त्याने तो खाली ठेवला नाही.