कडीबाहेरचा आवाज

खोकला

"खोकल," रेणू मॅडम म्हणाल्या.

अश्विन खोकला.

भिंतीजवळच्या बाकावर बसलेल्या रत्नाबाईने पदराचे टोक मुठीत घट्ट धरले. खोकला एवढासा, पण त्याच्या तळाशी कोणीतरी होते, आणि ते कोण, हे तिने लगेच ओळखले.

"ऐकलास?" मॅडमनी विचारले. "हाच तुझा आवाज. खोकताना, घसा खाकरताना येतो की नाही? म्हणजे आत आहे. बोलताना तू त्याला बाहेर येऊ देत नाहीस."

अश्विन ओशाळून हसला. सतरा वर्षांचा पोरगा, ओठांवर मिशीची काळी रेघ, उंची थेट बापाची. आणि आवाज आठ वर्षांच्या पोरीचा. कॉलेजात पोरे त्याला अश्विनी म्हणत. "ए अश्विनी, गाणं म्हण ना बे!" रिचार्जच्या दुकानाला फोन केला तर पलीकडून उत्तर येई, "बोला ताई." मागच्या तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या मास्तरांनी प्रश्न विचारला, तेव्हा उत्तर येत असूनही हा गप्प बसून राहिला. घरी येऊन म्हणाला, "आता मी कॉलेजले नाही जात." सोमवारी तीच परीक्षा पुन्हा होती. म्हणून तर रत्नाबाई कारध्याहून पूल ओलांडून त्याला भंडाऱ्याला घेऊन आली होती.

आधी कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी नळी घालून पाहिले होते. "स्वरतंतू चांगले आहेत, बाई. घसा मोठ्या माणसाएवढा वाढलाय. पण हा तो वर उचलून धरतो, तंतू ताणतो आणि मग बोलतो. रोग नाही, सवय आहे. औषध नाही, ऑपरेशनही नको. शेजारच्या खोलीत रेणू मॅडम आवाजाचा सराव घेतात, तिकडे जा."

सवय. रत्नाबाईने मान हलवली होती. ती सवय कोणी लावली, हे डॉक्टरांनी विचारले नाही. तिने सांगितले नाही.

हुंकार

मॅडमनी त्याच्या कंठमण्यावर अंगठा ठेवला आणि हलकेच मागे व खाली दाबला. "आता लांब आऽ म्हण."

आऽऽ बारीक निघाला. मग अंधारात पायरी चुकावी तसा एकदम खाली कोसळला.

अश्विन दचकून थांबला.

"थांबू नको! पुन्हा."

पुन्हा आऽऽ. मॅडमनी अंगठा काढला. आवाज क्षणभर खालीच टिकला, मग हळूच वर चढला. पुन्हा अंगठा. पुन्हा खाली. मग अश्विनने स्वतःचे बोट ठेवले. मग बोट न लावता नुसते तोंड मिटून म्म्म, छातीवर तळहात. "थरथर लागते?" "लागते," तो म्हणाला, आणि तो शब्दही खालच्या आवाजात आला. मग म-चे शब्द. मामा. माती. मीठ. पोरगा आनंदाने वळला.

"माय! आयकलं?"

रत्नाबाई हसली. तिचे दात एकमेकांवर वाजत होते.

शब्द

सुखराम, तिचा नवरा, कधी ओरडला नाही. लोकांचे नवरे ओरडतात, वस्तीला कळते. सुखरामचा आवाज मारण्याआधी खाली उतरायचा. दाराबाहेरून तो दोनच शब्द म्हणायचा:

कडी काढ.

मग कावीळ झाली आणि तो मेला. रत्नाबाईने त्याची राख वैनगंगेत सोडली आणि घरी येऊन पहिल्यांदा रात्रभर झोपली.

दीड वर्षाने एका संध्याकाळी ती चुलीपुढे बसली होती. दाराबाहेर पावले थांबली.

कडी काढ.

पाण्याचा पितळी गुंड तिच्या हातून सुटला. ती कोपऱ्यात सरकली आणि दोन्ही हात डोक्यावर घेऊन बसली. दार उघडेना म्हणून अश्विन मागच्या दाराने आत आला. तेरा वर्षांचा होता तो. आईकडे पाहिले, घरभर वाहणाऱ्या पाण्याकडे पाहिले. मग बारीक, अगदी बारीक आवाजात म्हणाला, "माय, मी आहो. मी होय ना."

त्यानंतर तो जाड आवाज घरात कधी आला नाही. बाहेरही नाही. दोघेही त्याविषयी बोलले नाहीत. गुंडाला पोचा पडला तो तसाच राहिला.

वाक्य

"कारधा जाता का, भाऊ?"

"बस ना भाऊ, बस."

भाऊ! अश्विनने ऑटोत बसता बसता आईला कोपर मारले. मॅडमनी सांगितले होते, आधी अनोळखी माणसांशी बोल, मग फोनवर, मग ओळखीच्यांशी. घरी सगळ्यात शेवटी. तेच सगळ्यात अवघड. त्याने मित्राला फोन लावला.

"कोन बोलून राहिला बे?" पलीकडून चिंधू.

"अश्विन."

"चाल बे! अश्विनीचा बाप असशीन तू."

अश्विन खो खो हसला. रत्नाबाई नदीकडे पाहत राहिली.

दारात आल्यावर मात्र तो म्हणाला, "माय, कडी काढतो," आणि आवाज बारीक होता.

पुढच्या वेळी मॅडमनी दहा मिनिटांतच ओळखले. "बाहेर टिकतो. घरी टिकत नाही. असं दोन्हीकडे ठेवलंस तर जुनी सवयच जिंकेल. घरी कोण असतं?"

"मी अन् माय."

"मग?"

अश्विनने जमिनीकडे पाहिले. "माय भेते," तो म्हणाला. बारीक.

मॅडमनी खुर्ची रत्नाबाईकडे वळवली. "बाई, घरचा सराव तुम्हालाच घ्यावा लागेल. झेपेल तेवढाच. नाही झेपलं तर मला सांगा, दुसरी वाट काढू."

"घेतो," रत्नाबाई म्हणाली.

कडी

"बाहेर जा," घरी आल्यावर रत्नाबाई म्हणाली. "मी आतून लावून घेतो. अन् म्हण, कडी काढ. जाड्या आवाजात."

"माय, राहू दे ना. दुसरं काही म्हणतो."

"तेच म्हण. जा म्हटलं ना!"

भर दुपार होती. तिने कडी लावली आणि घर काळोखले. बाहेर पावले अंगणात गेली, वळली, परत आली. पावलेही तीच.

"कडी काढ."

तिची पाठ आपोआप भिंतीला लागली. एक हात डोक्यावर गेला.

"माय?" बाहेरचा आवाज वर चढू लागला. "माय, मी आहो..."

"तो नको!" ती ओरडली. "खाली आन! पुन्हा!"

"कडी काढ."

"पुन्हा!"

भीती कमी होत नव्हती. उलट, पोरगा जसजसा पक्का होत होता तसतसा तो दुसरा जवळ येत होता. चौथ्या खेपेला त्यात कापरेपणा उरला नाही. दाराच्या पलीकडे साक्षात सुखराम उभा होता.

तिने कडी काढली.

उजेड डोळ्यांत घुसला. चौकटीत उंच, काळी आकृती, तोंड दिसेना. ती बाजूला झाली. आकृती आत आली आणि पाटावर बसली.

"भूक लागली," त्याच आवाजात.

तिने वाढले. त्याने पाणी मागितले. पोचा पडलेल्या गुंडातून तिने पेला भरला, आणि तो त्याच्यापुढे ठेवताना अर्धे पाणी त्याच्या ताटात सांडले.

तिचा हात डोक्याकडे गेला. अशा वेळी काय होते, ते तिच्या अंगाला पाठ होते.

अश्विनने ताटाकडे पाहिले, मग तिच्याकडे. त्याचा कंठमणी वर सरकू लागला. तिला तो स्पष्ट दिसला. बारीक आवाज काढण्याआधी सरकायचा तसाच.

"नाही," ती कशीबशी म्हणाली. "खालीच ठेव."

कंठमणी थांबला. उतरला.

"मी घेतो पाणी," तो म्हणाला. "तू बस."

खालचा, जड, अगदी तोच आवाज. आणि सुखरामने त्या आवाजात कधीच न म्हटलेले शब्द. रत्नाबाई बसली नाही. हात तसाच डोक्याजवळ अर्धा उचललेला ठेवून ती उभी राहिली, आता पुढे कोणता शब्द येतो, ते ऐकत.