पिवळ्या रंगाआड

दुपारी चारच्या सुमाराला ढगीला सातवं पिल्लू झालं, आणि ते पुसता पुसता थोरलीने त्याला उजेडाकडे धरलं. पिल्लू जवळजवळ पांढरं होतं. कानाच्या टोकाला राखाडी शिंतोडा, शेपटीच्या मुळाशी एक फिकट डाग, बाकी अंगभर पांढरं. याआधी चौथंही तसंच निघालं होतं, पण तेव्हा तिने मनाची समजूत काढली होती, की असतं एखादं.

थोरली मेंढ्या राखणाऱ्या जातीची कुत्री पाळायची. घरामागच्या लांबट शेडमध्ये चार माद्या होत्या, आणि पंचक्रोशीतले मेंढ्यावाले तिच्याकडून पिल्लं नेत. ढगी तिची लाडकी. काळ्या अंगावर कुणी राख फुंकावी तसे ढगाळ चट्टे. या रंगाला धंद्यात मर्ल म्हणतात. मर्ल कुत्रं दिसायला देखणं, म्हणून त्याला मागणी फार. पण एक नियम नवख्यालाही पहिल्याच दिवशी सांगतात: मर्लला मर्ल लावायचा नाही. एकाच पालकाकडून मर्ल आला तर पिल्लू ढगाळ होतं आणि बहुतेक वेळा ठणठणीत असतं. दोन्हीकडून आला तर रंग जवळपास पुसूनच जातो, आणि रंगाबरोबर अनेकदा कान जातात, डोळेही जातात.

म्हणून तर तिने या वेळी धाकट्या बहिणीचा हळद्या निवडला होता. हळद्या सोनेरी पिवळा, छाती पांढरी, नाक काळंभोर, दोन्ही डोळे तपकिरी. अंगावर राखेचा ठिपकासुद्धा नव्हता. तिने स्वतः त्याला उन्हात उभा करून, केस उलटे फिरवून पाहिला होता.

खोक्यात सात पिल्लं ढगीला लुचत होती. दोन काळी-पांढरी, दोन ढगाळ, एक पिवळं आणि ही दोन. एकाच आईच्या पोटची असून जणू चार घरांतून गोळा केलेली. थोरलीचा नवरा दारातून डोकावला, पिल्लं मोजून खूश झाला आणि म्हणाला, "पांढरीसुद्धा आहेत की. छान दिसतात."

 थोरलीच्या डोक्यात एकच गोष्ट घोळत होती. जोडी लावायला ढगीला तिने धाकटीकडे आठवडाभर ठेवलं होतं, आणि धाकटीच्या कुंपणापलीकडच्या शेजाऱ्याकडे एक मर्ल कुत्रा होता. एका वेतात दोन बापांची पिल्लं होऊ शकतात, हे तिला चांगलं ठाऊक होतं.

हात धुतल्या धुतल्या तिने धाकटीला फोन लावला. पिल्लं किती, कशी, हे सांगून झाल्यावर तिने विचारलं, की कुंपणाचं फाटक कधी उघडं राहिलं होतं का. धाकटीला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा तिचा आवाज खाली गेला.

"ताई, मी डोळ्यांत तेल घालून बसले होते. तुझी कुत्री माझ्याकडे होती म्हणून मी त्या आठवड्यात कामावरसुद्धा गेले नाही."

"मग पांढरी आली कुठून?"

"ते मला काय विचारतेस? त्यातलं तुला कळतं, मला नाही." धाकटीने फोन ठेवून दिला.

त्यानंतर दोघींचं बोलणं बंद झालं. थोरलीला स्वस्थता अशी राहिली नाही. तिला दुसऱ्या माद्यांचं अंघोळपाणी सुचेना. हातातलं काम टाकून ती शेडमध्ये यायची, पांढरी पिल्लं उचलून बघायची आणि परत ठेवायची. नवऱ्याचं म्हणणं, की पांढऱ्या ठिपक्यांची कुत्री असतातच, ती काही सगळी बहिरी नसतात. ते खोटं नव्हतं. या जातीत पांढरा पट्टा गळ्यावरून पसरत पसरत अर्ध्या अंगावर जातो, त्याचा मर्लशी काही संबंध नसतो. तिने त्या एका शक्यतेला घट्ट धरून ठेवलं. पिल्लांचे डोळे आणि कान जन्मतः मिटलेलेच असतात, तेव्हा नुसतं वाट बघण्यावाचून इलाज नव्हता.

डोळे उघडले. काळ्या, ढगाळ आणि पिवळ्या पिल्लांचे टपोरे निघाले. पांढऱ्यांतल्या धाकट्या मादीचा उजवा डोळा फटीसारखा बारीकच राहिला, आणि पांढऱ्या नराच्या एका बुबुळाचा आकार गोल नव्हता, खाली ओघळल्यासारखा दिसत होता. मग कानांची वेळ आली. पिल्लं एकमेकांवर रचून झोपली असताना थोरलीने शेडच्या कोपऱ्यात उभं राहून पत्र्याचं घमेलं काठीने वाजवलं. पाच पिल्लं दचकून उठली. पांढरा नर थोडा उशिरा उठला, तोही कदाचित बाकीच्यांच्या धक्क्याने. पांढरी मादी झोपेतच राहिली. तिचं पोट संथपणे वर-खाली होत होतं.

थोरलीने घमेलं खाली ठेवलं. ते तिने पुन्हा वाजवलं नाही, आणि घरात जाऊन कुणाला काही सांगितलंही नाही.

पिल्लांची महिन्याची तपासणी आली. तोवर एका काळ्या पिल्लाचे केस इतर भावंडांपेक्षा लांब दिसायला लागले होते, कानामागे तर झिपऱ्याच आल्या होत्या. ढगी आखूड केसांची, हळद्याही आखूड केसांचा. नवऱ्याला आता शंका यायला लागली, की फाटक खरंच उघडं राहिलं असावं. थोरलीचा स्वतःचा संशय तोच होता, पण केसांवरून तो घेतला म्हणून तिने त्याला वेड्यात काढलं. आखूड केस वरचढ असतात, म्हणाली, लांब केस दबून राहतात. आई आणि बाप दोघांनीही ते लपवून ठेवलेले असले, तर चारांतल्या एखाद्या पिल्लात दोन्हीकडचे एकत्र येतात आणि उघडे पडतात. त्यात नवल काय?

डॉक्टरीणबाईंनी पांढऱ्या मादीचे डोळे दिव्याने तपासले, मागून टाळ्या वाजवून पाहिल्या आणि पिल्लू टेबलावर हळूच बसवलं. हिला ऐकू येत नाही, उजव्या डोळ्याने बहुधा दिसतही नाही, असं त्यांनी सांगितलं. नराचा एक कान चालू असावा, पण खात्री मोठ्या यंत्रावर होईल.

"बाप कुठला?" त्यांनी विचारलं.

"बाप साधा आहे, पिवळा. माझा संशय शेजारच्या कुत्र्यावर आहे."

"पिवळा म्हणजे कसा? काळा केस एकही नाही?"

"एकही नाही. मी स्वतः पाहिलंय."

डॉक्टरीणबाईंनी पिल्लाच्या पांढऱ्या पाठीवरून बोट फिरवलं. "मर्ल काय करतो? काळा रंग फिका करतो. तपकिरी असला तर तपकिरी. ज्याच्या केसांत काळं-तपकिरी उतरतच नाही, त्याच्या अंगावर तो दिसणार कशावर?"

थोरलीने पिल्लू टेबलावरून उचलून घेतलं. नुकतंच तिने नवऱ्याला केसांबद्दल ऐकवलं होतं, की दिसत नाही म्हणजे नसतं असं नाही. रंगाच्या बाबतीत मात्र तिने आपल्या डोळ्यांवर विश्वास ठेवला होता. हळद्याचा पिवळा रंग म्हणजे वरून टाकलेली चादर होती. खाली काय निजलंय, ते उन्हात केस उलटे फिरवून कळणार नव्हतं. त्यासाठी गालाच्या आतून कापसाची काडी फिरवून प्रयोगशाळेत पाठवावी लागते, आणि एवढंसं काम तिने केलं नव्हतं.

पिल्लांचे नमुने डॉक्टरीणबाईंनी लगेच घेतले. बापाचा हवा होता. त्यासाठी काड्यांचं पाकीट घेऊन थोरली त्याच दिवशी धाकटीच्या दारात उभी राहिली.

धाकटीने दार उघडलं, पण 'ये' म्हणाली नाही. थोरलीने उंबऱ्यातूनच सगळं सांगितलं: फाटक उघडं नसणारच, मर्ल बहुधा हळद्यातच आहे, आणि तपासणी आधी करायला हवी होती ती मी केली नाही. धाकटीने ऐकून घेतलं, हळद्याला बोलावलं आणि त्याचं तोंड उघडून धरलं. काड्या फिरवून होईपर्यंत दोघी त्या कुत्र्याच्या दातांकडेच बघत राहिल्या.

मग धाकटी म्हणाली, "हळद्याची आणखी एक जोडी लावलीय."

"कुणाकडे?"

"मेंढ्यांची कुत्री शिकवतो ना, त्या प्रशिक्षकाकडे. त्याची मादीही ढगाळ आहे. मी तुला विचारलं होतं, ताई. तू म्हणालीस, खुशाल लाव, कुत्रा स्वच्छ आहे."

थोरलीला ते आठवलं. भाजी निवडता निवडता, वरही न बघता तिने ते उत्तर दिलं होतं.

प्रशिक्षकाची मादी आज-उद्यात विणार होती. अहवालाची वाट बघावी, असं धाकटीचं मत पडलं. उगाच कशाला त्याच्या जिवाला घोर? थोरलीला ते जमेना. रात्र तिने कशीबशी काढली आणि सकाळीच धाकटीला गाडीत घालून निघाली. वाटेत दोघी बोलल्या त्या फक्त कुठे वळायचं यापुरत्या.

प्रशिक्षक हा तापट म्हणून प्रसिद्ध असलेला, कुत्र्यांना मेंढ्या वळवायला शिकवणारा उंच माणूस. तो हसतच बाहेर आला. पहाटे मादी व्याली होती. पाच पिल्लं: तीन ढगाळ, एक काळं, एक पिवळं. पांढरं एकही नाही. तो त्यांना आत घेऊन गेला, चहा टाकायला सांगितला आणि हळद्याची तोंड भरून स्तुती करू लागला.

धाकटीने थोरलीकडे पाहिलं. त्या पाहण्यात काय होतं, ते थोरलीला कळलं. झाकली मूठ सव्वा लाखाची. इथून चहा पिऊन निघता आलं असतं.

"थांबा जरा," थोरली म्हणाली, आणि तिने सांगून टाकलं.

प्रशिक्षकाचं हसू गेलं. त्याने खोक्यात वाकून पाचही पिल्लं पुन्हा एकदा पाहिली. "पण यांना तर काही झालेलं नाही."

थोरलीने समजावलं, की प्रत्येक पिल्लाची सोडत वेगळी निघते. मर्ल आईकडूनही आणि बापाकडूनही येण्याची शक्यता चारात एक. पण चारांतलं एक हे काही वेतागणिक मोजून मिळत नाही. माझ्या सातांत दोन आली, तुमच्या पाचांत एकही नाही, पुढच्या वेळी तीन येतील. ढगाळ पिल्लं दिसतात तरी. हे पिवळं मात्र बापासारखंच काहीतरी लपवून असू शकतं, त्याची तपासणी झाल्याशिवाय त्याला कुणाशी लावू नका.

"ही गोष्ट कुत्रं देण्याआधी सांगायची असते," तो म्हणाला.

"हो."

"यात माझी चूक आहे," धाकटी मध्येच बोलली. "कुत्रा माझा आहे."

"नाही. शब्द माझा होता," थोरली म्हणाली.

चहा आला तो तसाच निवला. प्रशिक्षक ओरडला नाही, पण त्यांना पोचवायला फाटकापर्यंतही आला नाही.

अहवालात सगळं तसंच निघालं. सातही पिल्लं हळद्याची, त्याच्यात मर्ल एकेरी, दोन्ही पांढऱ्यांत दुहेरी. सातांतलं पिवळं पिल्लूही मर्ल लपवून बसलं होतं. ज्यांना पिल्लं द्यायची होती, त्या प्रत्येकाला थोरलीने समोर बसवून हे सांगितलं. एक जण पिल्लू न घेताच गेला. हळद्याची नसबंदी झाली. पांढऱ्या नराला डॉक्टरीणबाईंनीच ठेवून घेतलं.

मादी थोरलीकडे राहिली. तिला हाक मारून उपयोग नव्हता, म्हणून थोरली जमिनीवर पाय आपटायची. पिल्लू त्या थरथरीने उठून चांगल्या डोळ्याच्या बाजूने मान वळवायचं. एवढं सोडलं तर ते भावंडांसारखंच द्वाड होतं, चपला पळवायचं.

धाकटी महिन्याभराने आली. बोलणं अजून पूर्वीसारखं नव्हतं, एकेक वाक्य तपासून टाकल्यासारखं चालायचं. तिने पिल्लाला मांडीवर घेतलं, त्याचा कान उलटा करून आत बघितलं.

"दिसायला तर चांगला कान आहे," ती म्हणाली.

थोरली तिच्या शेजारी खाली बसली. बाहेर रस्त्यावरून कुणीतरी एक पिवळं कुत्रं साखळीला धरून चाललं होतं, आणि ते वळणाआड जाईपर्यंत थोरलीची नजर त्याच्यावरून हलली नाही.