मुरारीचे तीन तास

कुडपणच्या ठकूबाईनं चाळीस कलमांपैकी सात गमावली होती, आणि उरलेल्यांतली नऊ पिवळी पडली होती. कारण तिच्यापाशी तयार होतं.

"मुरारी नेतोय. त्यानं लावलेली, तोच एकेक मागून घेतोय."

मुरारी, तिचा थोरला, दोन वर्षांपूर्वी घाटात जीप उलटून गेला. मागे आंब्याची कलमं ठेवली, ठिबकाच्या नळ्या आणि त्यांवरच्या थेंब सोडणाऱ्या तोट्या ठेवल्या आणि टाकीच्या भिंतीवर कोळशानं लिहिलेल्या तीन ओळी: कलमाला बारा लिटर. तोटी चारची. तीन तास. म्हातारीला वाचता येत नव्हतं, पण तीन तास पाठ होते. रोज सकाळी सातला ती कॉक उघडी, दहाला बंद करी.

पोलादपूरहून आलेल्या कृषी सहायक शरदनं एका कलमाच्या बुडाशी बोट खुपसलं. चिखल होता, त्याला कुजकट वास येत होता.

"आजी, तहानेनं नाय, बुडून मरतायत. ह्या नव्या तोट्या कुणी बसवल्या?"

"धाकट्यानं, चंदूनं. जुन्या उंदरांनी कुरतडल्या. शिमग्याला मुंबैवरनं आला, महाडात दुकानात बोलला, भारीतल्या द्या."

चंदूचं सगळंच भारीतलं असे, गॉगलही, थापाही. शरदनं टाकीवरच्या ओळी वाचल्या, औषधाची दोनशे मिलीची रिकामी बाटली तोटीखाली धरली आणि घड्याळ पाहिलं. दीड मिनिटात भरली.

"तासाला आठ लिटर. मुरारीच्या तोटीतून चार पडत. बारा भागिले चार, तीन तास. बारा भागिले आठ, दीड. तुम्ही दुप्पट पाजताय."

"म्हंजे त्याचं चुकलं?"

"त्याचा हिशेब पक्का हाय. तोटी त्याची नाय."

ठकूबाई कॉकपाशी गेली. "अर्ध्यावर बंद केलं तर रागावंल तो."

"आणि नाय केलं तर उरलेली तेहतीसही जातील."

तिनं साडेआठला कॉक बंद केला. वरच्या रांगांचं टपटपणं थांबलं, मग मधल्या रांगांचं. उतारावरच्या शेवटच्या कलमाची तोटी मात्र थेंब टाकतच राहिली.

"बघा. त्याला मान्य नाय."

"नळीतलं उरलेलं पाणी उताराला येतं, आजी. थांबेल."

दहा मिनिटं झाली. वीस झाली. मोठ्या नळीत किती पाणी मावतं, याचा आकडा शरद मनात जुळवत होता आणि तो जुळतही होता. तरी त्याच्या मानेवर काटा आला. वाऱ्याची झुळूक नव्हती.

ठकूबाई खाली गेली, त्या कलमापाशी उकिडवी बसली. पोराला ताटावरनं उठवावं तशा आवाजात म्हणाली,

"पुरे रे मुरारी. पोट भरलं त्यांचं."

एक थेंब पडला. शरद पुढच्या थेंबाची वाट बघत राहिला. आणि तो पडावा की पडू नये, हे त्याचं त्यालाच ठरवता येईना.