चौथें पेणें

कार्ड
शब्द: पेणीं
जागा: आबाजींचं बाड, पान ३१
ओळ: तीन पेणीं जालीं, चौथें पेणें आलें । ओझें उतरिलें, म्हणे देमा ॥
अर्थ: ?

प्रश्नचिन्ह प्रभावतीनं असं ठसठशीत काढलं होतं, की ड्रॉइंग ऑफिसातल्या साहेबानंही त्याला मान्यता दिली असती. प्रभावती पिंपरीच्या एका कंपनीत ट्रेसर. इंजिनियरनं पेन्सिलीनं काढलेल्या ड्रॉइंगवर पारदर्शक कागद ठेवायचा आणि रेघेवर रेघ शाईनं ओढायची, हे तिचं काम. वडील भीमराज त्याच कंपनीच्या फाउंड्रीत होते. संध्याकाळच्या कॉलेजातून मराठी घेऊन ती एम. ए. करत होती आणि कंपनीतली बाद झालेली जॉब-कार्डं घरी आणत होती. एका बाजूला मशीन नंबर, दुसऱ्या बाजूला जुना शब्द. चपलांच्या तीन खोक्यांत भरलेली ती कार्डं पाहून भीमराज म्हणायचे, "पोरीनं कंपनी उचलून घरात आणली."

१९७३ साल. दिघीच्या मंदिर समितीनं देमाबाबांचे चाळीस अभंग छापायला घेतले होते. देमा हा कुण्या एके काळचा बैल हाकणारा. पाठीवर गोणी लादलेले बैल चाकणच्या बाजारातून घाटाखाली न्यायचा आणि वाटेत अभंग रचायचा, अशी गावाची समजूत. अभंगांच्या प्रती दोन. एक आबाजींच्या घरातलं जुनं बाड. कोपरे कुरतडलेले, दोन शब्दांमध्ये जागा सोडायची पद्धतच नाही, सगळी ओळ माळेसारखी सलग. दुसरी, त्याच बाडावरून समितीचे अध्यक्ष यशवंतराव यांच्या आजोबांनी उतरवून काढलेली, टाकाची, सुवाच्य. छपाईला अभंग उतरवून दिले ते अर्थातच सुवाच्य प्रतीवरून. प्रभावतीचं अक्षर वळणदार म्हणून मुद्रितं तपासायला आणि शेवटी शब्दार्थ जोडायला तिला बोलावलं होतं. ताडून पाहायला हाताशी असावं म्हणून तिनं आबाजींकडून बाडही मागून घेतलं होतं.

आणि तिथंच घोळ निघाला. छापलेल्या ओळीत होतं:

तीन पुण्यें जालीं, चौथें पुण्य आलें ।

"दादा, बाडात 'पेणीं' आहे," ती मंदिराच्या ओट्यावर यशवंतरावांना म्हणाली.

"बाडात उंदरांच्या लेंड्याबी हायेत. छापायच्या का?"

ओट्यावरचे चारपाच जण हसले. यशवंतराव वाईट माणूस नव्हते. फक्त एकदा बोलले की बोलले. "अहो मास्तरीणबाई, पेणीं म्हंजी काय? सांगा की."

"अजून नाही कळलं."

मग ओट्यानंच अर्थ लावायला घेतला. एक म्हणाला, पेण गाव, बैल मिठाला तिकडंच जायचे. दुसरा म्हणाला, गाव एकच हाय भावा, तीन न् चार पेण कुठली आणलीस? ही बैलाची पेंड हाय, अनुस्वार सरकलाय. तिसरा नुकताच हिंदी सिनेमा बघून आलेला. त्यानं अंगठा तोंडाकडं नेला. "तीन झाले, चौथा आला, डोक्यावरचं ओझं उतरलं. सरळ हाय!"

यशवंतरावांचा चेहरा तांबडा झाला. "ऐकलंत? म्हणून आमच्या आजोबांनी दुरुस्त केलं. रविवारी पुस्तक निघंल आणि बाड इंद्रायणीत वाजतगाजत सोडायचं. जीर्ण पोथीला पाण्यातच जागा."

रविवारी. आज गुरुवार. बाड गेलं की 'पेणीं' गेलं, आणि त्या शब्दाला साक्षीदार म्हणून राहणार फक्त प्रभावतीचं एक कार्ड, ज्याच्या मागं लिहिलेलं होतं: ड्रिलिंग, मशीन क्र. ७.

*

शुक्रवारी ती कॉलेजच्या ग्रंथालयात गेली. जाडजूड कोशात 'पेणी' शोधलं. नाही. 'पेणीं' नाही. दहा मिनिटं वैतागून झाल्यावर तिनं स्वतःच्या कपाळावर टिचकी मारली. कोश मूळ रूप देतो, अनेकवचन नव्हे. तळीं शोधायची तर तळें बघावं लागतं. 'पेणें' उघडलं. एका ओळीत उत्तर: जुना शब्द; प्रवासातला मुक्काम, मजलेचा टप्पा.

तीन मुक्काम झाले, चौथा आला, ओझं उतरवलं. आयुष्याची वाट, आणि तिच्या शेवटी पाठ मोकळी. तिला खुर्चीतच हसू फुटलं. ग्रंथपालानं चष्म्यावरून पाहिलं.

कार्ड
शब्द: पेणें
अर्थ: मुक्काम, टप्पा (कोश)
शंका: कोश म्हणतो असा अर्थ असू शकतो. इथं तोच आहे, हे कोण म्हणणार?

शंका तिची नव्हती, यशवंतराव उद्या जे म्हणणार ते तिनं आधीच लिहून ठेवलं होतं. कोश शब्दाचे पत्ते देतो. त्या घरात तोच राहतो का, ते दार वाजवून बघावं लागतं.

दार म्हणजे देमाच्याच बाकीच्या ओळी. एक शब्द एकाच माणसानं जिथं जिथं वापरला, त्या सगळ्या जागा एकत्र मांडायच्या. शनिवारी कंपनीला हाफ डे. ती बसनं दिघीला आबाजींकडं गेली आणि त्यांच्या पडवीत बाडातलं पान न् पान बघत बसली. आबाजी सत्तरीचे. त्यांना वाचता येत नव्हतं; बाड मात्र त्यांनी धान्याच्या कणगीत साठ वर्षं जपलं होतं.

"आबा, पेणें हा शब्द ऐकलाय कधी?"

"न्हाई गं. आमी मुक्कामच म्हणायचो." मग जरा ओशाळून, "ऐकलाय म्हणलं तर चालंल का? बाड वाचंल त्यानं?"

"नाही आबा. खोटा साक्षीदार पहिल्याच प्रश्नाला पडतो."

"मग न्हाई."

चाळीस अभंगांत नसलेला एक अभंग पान ५२ वर सापडला.

कार्ड
ओळ: पेण्याविण बैला नुतरे गोणी ।
(नुतरे = न उतरे, उतरत नाही)

पान ६० वर आणखी एक.

कार्ड
ओळ: पेणोपेणीं पाणी, पेणोपेणीं साउली ।

तिनं तिन्ही कार्डं पडवीत मांडली आणि ओट्यावरचा एकेक अर्थ त्यांत बसवून पाहिला. पेंड: पेंडीवाचून बैलाची गोणी उतरत नाही? बरं, एकवेळ. पण चौथी पेंड येऊन ओझं कसं उतरणार? पेण गाव: पेणोपेणीं सावली? पिणं: बैलाला? आबाजी खुदुखुदु हसायला लागले. मग तिनं 'पुण्य' बसवलं.

"पुण्याविण बैला नुतरे गोणी."

"वा रं वा! बैलानं आधी चारी धाम करावं मग त्याची पाठ मोकळी!" आबाजींनी मांडीवर थाप मारली. "माझा आजा बैल हाकायचा गं. मधी वाटंत गोणी कवाच उतरवायची न्हाई. उतरवली तर परत चढवायला दोन गडी लागत्यात. मुक्काम आला की मगच."

मुक्काम तिन्ही कार्डांत बसला. न रेटता, न ठोकता. टूलरूममध्ये नेमक्या मापाचा बुश भोकात बसतो तसा.

*

"बसला असंल," यशवंतराव म्हणाले. त्यांच्या घरी ती आणि आबाजी संध्याकाळी पोचले तेव्हा ते हार मोजत होते. "पण माझ्या आजोबांनी 'पुण्य' लिहिलं, ते काय उगाच? त्यांनी देवापुढं बसून लिहिलंय. कोण चुकलं, ते सांगा. बाड का आजोबा?"

खरा प्रश्न हाच होता, आणि त्याला कोशात पान नव्हतं.

प्रभावती म्हणाली, "दादा, आमच्या ऑफिसात मागं एका ट्रेसरनं २४.८५ च्या जागी २५ काढलं. हुशार माणूस. त्याला वाटलं, इंजिनियरचा हात हलला असेल, एवढं विचित्र माप कोण देईल? त्यानं चांगल्या मनानं सरळ केलं. दोनशे नग भंगारात."

"मग?"

"उलटं कधी होत नाही. २५ चं चुकून कोणी २४.८५ करत नाही. नक्कल करणारा अवघडाचं सोपं करतो. 'पुण्य' सगळ्यांना कळतं. ते लिहिलेलं असताना ते खोडून कुणालाच न कळणारं 'पेणें' कोण कशाला लिहील?"

यशवंतरावांनी हार खाली ठेवला. "म्हंजी आमचे आजोबा चुकले."

आबाजींनी प्रभावतीच्या कोपराला हलकेच ढोसलं, आता निघू या अशा अर्थानं. ती निघाली नाही.

"त्यांची वही बघता येईल? एकच ओळ."

यशवंतरावांनी मान हलवली ती होकाराची की नकाराची, हे कळायच्या आत सोजराबाई, त्यांच्या पत्नी, आतून तांबड्या फडक्यातली वही घेऊन आल्या. "बघू द्या की. तुमी तरी कुठं वाचता? दसऱ्याला हळदकुंकू वाहता नि मिटता."

चाळीस अभंग निवडून दिले होते यशवंतरावांनीच. प्रभावतीनं आत्तापर्यंत फक्त तेवढ्यांचीच मुद्रितं पाहिली होती. ती बैलांचा अभंग शोधत गेली. सापडला. तिनं वही यशवंतरावांच्या हातात दिली आणि ओळीखाली बोट धरलं.

यशवंतरावांनी अक्षर अक्षर लावून वाचलं. "पे... ण्या... विण बैला नुतरे गोणी."

पुन्हा वाचलं. मग बाडातल्या पान ६० ची ओळ तिनं वहीत काढून दिली. तिथंही पेणोपेणीं, सुंदर, टाकानं, आजोबांच्या हातचं.

"इथं का न्हाई बदललं?" ते स्वतःशीच म्हणाले.

"इथं बैल आहे आणि पाणी आहे. इथं त्यांना वाटलं, असेल बैलवाल्याचा काही शब्द, जसा आहे तसा राहू दे. तिथं मात्र देवाची गोष्ट आली. मग त्यांना वाटलं, देमा पुण्यच म्हणाला असणार. चुकले नाहीत दादा. प्रेम केलं. पण दोन ठिकाणी त्यांनी बाडाची साक्ष सांभाळून ठेवलीय. आजोबांनीच."

यशवंतरावांच्या मिशीत काहीतरी हललं. माणसाला हरताना हात द्यावा लागतो. हा हात आजोबांचाच निघाला म्हणून त्यांना तो धरता आला.

"आता छापखान्याचं काय?" आबाजींनी विचारलं.

"कॅम्पातला छापखाना शेवटची पानं, ह्याच अभंगाची, उद्या सकाळी आठला मशीनवर चढवणार," यशवंतराव म्हणाले. "सातला मी दारात उभा ऱ्हातो. मास्तरीणबाई, तुमी बी या. वर 'पेणें' घाला. पण खाली बारीक अक्षरात आजोबांचं 'पुण्य' पायजे. त्याला काय म्हणत्यात?"

"पाठभेद."

"हां. पाठभेद. आजोबांच्या नावासकट."

"आणि बाड?" प्रभावतीनं विचारलं.

यशवंतरावांनी सोजराबाईंकडं पाहिलं. त्या म्हणाल्या, "बँडवाला ठरलाय तुमचा. त्यालाच सोडा नदीत."

*

रविवारी संध्याकाळी बँड वाजला. पुस्तक निघालं. मिरवणूक इंद्रायणीच्या घाटावर गेली, आरती झाली, नारळ पाण्यात सोडला आणि मिरवणूक परत आली. आबाजी बाड छातीशी धरून होते, कुणी मागायला आलं की ते म्हणायचे, "न्हाई, आजून मुक्काम न्हाई आला ह्याचा."

सोमवारी पहिली शिफ्ट सुटताना कंपनीच्या फाटकापाशी यशवंतराव उभे. काखेत तांबडं फडकं. रखवालदार त्यांना आत काय आहे ते दाखवा म्हणत होता, आणि ते दाखवत नव्हते.

"मास्तरीणबाई," त्यांनी प्रभावतीला बाजूला घेतलं, "रात्री बाकीची वही वाचली. माझी मला. असले सदतीस शब्द निघाले. एक बी कळंना." फडकं तिच्या हातात ठेवताना त्यांनी इकडंतिकडं पाहिलं. "ह्यांचे अर्थ लावा. आणि बाडाशी ताडून, आजोबांनी आणखी कुठं कुठं प्रेम केलंय ते बी काढा."