पट्ट्यात अडकलेलं खोकं

माणसाच्या जिवापेक्षा मोलाचं या जगात दुसरं काहीही नाही, असं कारखान्याच्या सुरक्षा अधिकाऱ्याने ठळक अक्षरांत टाईप केलं आणि पाहिलं, तर 'काहीही नाही' तेवढं पुढच्या पानावर गेलं होतं. त्याने वाक्यच खोडलं. वीस वर्षांच्या नोकरीत अशी बरीच वाक्यं खोडून झाली होती.

नव्या कामगारांचं जुनं प्रशिक्षण दोन तासांचं होतं. शेवटी दहा प्रश्न, दहाही प्रश्नांचं उत्तर 'वरील सर्व'. गेल्या खेपेला सगळेच्या सगळे पैकीच्या पैकी गुण घेऊन पास झाले आणि त्यातल्याच एकाची बोटं तिसऱ्या दिवशी रोलरमध्ये चेंगरली. सोमवारी आणखी अकराजण येणार होते. या वेळी पंधरा मिनिटं आणि खरेखुरे प्रसंग, असं त्याने ठरवलं होतं.

पहिला प्रसंग: माल वाहणाऱ्या सरकत्या पट्ट्यात खोकं अडकलंय. फोरमन ओरडतो, "हात घालून ओढ, दोन मिनिटांचं काम!" तुम्ही काय कराल?

"मला खलनायक केलंत की, साहेब!" मागून स्क्रीनवर वाचत फोरमन म्हणाला. त्याला सगळे मामा म्हणत.

"तुमचं नाव कुठंय त्यात?"

"नाव कशाला? आवाज माझाच आहे."

तपासून बघायला पॅकिंगमध्ये कालच लागलेल्या ताईंना बोलावलं. त्यांनी झटकन तिसऱ्या पर्यायावर खूण केली: पट्टा बंद करून लांब उभी राहीन आणि मेंटेनन्सला बोलावेन. अधिकाऱ्याला हायसं वाटलं. दुसरा कुणी थकलेला माणूस तिथेच काम संपवून उठला असता, पण त्याने विचारलं, "खरंच असं झालं तर?"

ताईंनी मामांकडे पाहिलं. "खरं सांगू? हात घालीन."

"मग ही खूण?"

"तिसऱ्यात सगळ्यात जास्त लिहिलंय. बरोबर उत्तर लांबलचक असतं, शाळेपासूनच. आणि इथे मामा ओरडत असणार. नोकरीचा दुसरा दिवस, नाही कसं म्हणू?"

अधिकाऱ्याने तिन्ही पर्याय एका मापाचे केले. पण ताईंच्या दुसऱ्या मुद्द्याला कात्री चालेना. मग मामा म्हणाले, "मोबाईल काढा. मीच सांगतो."

कॅमेरा सुरू झाल्यावर मामा बोलू लागले, "खोकं अडकलं की पट्टा बंद करा, लांब व्हा, हाक मारा. मेंटेनन्सचा फिटर मेन स्विच बंद करून स्वतःचं कुलूप लावेल, किल्ली खिशात ठेवेल, बटण दाबून पट्टा खरंच मेलाय ना ते बघेल, मगच खोकं काढेल. मी कितीही ओरडलो तरी माझं ऐकायचं नाही. हात घालायचा नाही म्हणजे नाही."

"आता काय कराल, ताई?"

"बंद करीन," ताई म्हणाल्या. "मामांनी स्वतःच सांगितलंय ना."

अधिकाऱ्याने व्हिडिओ पहिल्या प्रसंगानंतर जोडला. मामा दारापर्यंत गेले आणि परत फिरले.

"साहेब, एक करा. ते 'माझं ऐकायचं नाही' तेवढं आमच्या हिच्यापर्यंत पोचू देऊ नका."